सव्वानऊचा भाव, साडेतीनचा भाव

२० जुलै २०२३ रोजी सकाळी सव्वानऊला शेअर बाजार नेहमीसारखा उघडला, पण रिलायन्स इंडस्ट्रीजचे सौदे काही सुरू होईनात. बाजारमूल्याने देशातली सगळ्यात मोठी कंपनी, आणि तिच्या रकान्यात सामसूम. ज्यांना आतली भानगड माहीत नव्हती त्यांनी आपापल्या दलालांना फोन लावले असणार. झालं होतं असं की, रिलायन्सच्या पोटातून जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस ही कंपनी त्या दिवशी वेगळी निघत होती. आदल्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, रिलायन्सचा बंद भाव होता २८४१ रुपये ८५ पैसे. त्या भावात दोन्ही कंपन्या होत्या. आज उरलेल्या रिलायन्सची किंमत किती, आणि बाहेर पडलेल्या जिओ फायनान्शियलची किती?

हा आकडा कुणी जाहीर करू शकत नव्हतं. कंपनी नाही, सेबी नाही, शेअर बाजारही नाही. म्हणून त्या एका शेअरसाठी नऊ ते दहा असं तासाभराचं खास सत्र ठेवलं गेलं. त्यात सुरुवातीला फक्त ऑर्डरी गोळा केल्या आणि मग त्या सगळ्या एकाच वेळी जुळवून एक भाव काढला. एनएसईवर तो निघाला २५८० रुपये. कालच्या भावातून तो वजा केला की उरतात २६१ रुपये ८५ पैसे. जिओ फायनान्शियलचा एकही शेअर तोवर बाजारात विकला गेला नव्हता, तरी त्याची किंमत ठरली होती, आणि ती बहुतेक अंदाजांपेक्षा जास्त होती. ती कंपनी बाजारात नोंदली जाईपर्यंत निफ्टीच्या हिशेबात हाच स्थिर आकडा धरला गेला. पन्नास शेअरांच्या निफ्टीत तेवढे दिवस एक्कावन्न शेअर होते. पुढे २१ ऑगस्टला शेअर एनएसईवर २६२ रुपयांना उघडला. म्हणजे महिन्याभरापूर्वी वजाबाकीतून निघालेल्या आकड्याच्या अगदी शेजारी. त्याच दिवशी तो पाच टक्क्यांच्या खालच्या सर्किटला जाऊन टेकला, ही गोष्ट वेगळी.

रिलायन्सच्या त्या तासाची बातमी झाली. पण त्याच पद्धतीची छोटी आवृत्ती बाजारात रोज सकाळी चालते, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. आपण वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर ‘ओपन’ म्हणून जो आकडा वाचतो तो तिथून येतो. आणि ‘क्लोज’ म्हणून जो वाचतो, तो मात्र गेली अनेक वर्षं पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने काढला जात आला आहे. एका टोकाला लिलाव आणि दुसऱ्या टोकाला सरासरी. हा फरक समजला की स्क्रीनवरची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आधी सकाळचं पाहू. २००९ पर्यंत आपला बाजार ९ वाजून ५५ मिनिटांनी उघडायचा. ४ जानेवारी २०१० पासून तो नऊला उघडू लागला. दोन्ही ठिकाणी सुरुवातीचा भाव म्हणजे घंटा झाल्यावर झालेला पहिला सौदा. रात्रभरात अमेरिकेत काहीतरी घडलेलं असतं, एखाद्या कंपनीचा निकाल संध्याकाळी उशिरा आलेला असतो, आणि या सगळ्याचं ओझं त्या पहिल्या काही सेकंदांवर पडायचं. ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा सौदा एका भावाला, अर्ध्या मिनिटाने आलेल्याचा भलत्याच. सुरुवातीचा भाव एखाद्या घाईत टाकलेल्या वीस शेअरांच्या ऑर्डरीनेही ठरू शकत होता. म्हणून सेबीच्या आदेशाने १८ ऑक्टोबर २०१० पासून मुंबई शेअर बाजार आणि एनएसई या दोघांनी नऊ ते सव्वानऊ हे पूर्व-सत्र सुरू केलं. आधी फक्त सेन्सेक्स आणि निफ्टीतल्या शेअरांसाठी. पुढे २०१३ मध्ये ते इतर शेअरांनाही लागू झालं. नियमित बाजार तेव्हापासून सव्वानऊला सुरू होतो.

या पंधरा मिनिटांत खऱ्या अर्थाने महत्त्वाची पहिली आठच. नऊपासून ऑर्डर टाकता येते, बदलता येते, मागेही घेता येते. सौदा मात्र एकही होत नाही. रात्री दलालाच्या अ‍ॅपवर जी ‘आफ्टर मार्केट’ ऑर्डर टाकून आपण झोपतो, तीही साधारण याच वेळी बाजाराच्या संगणकाकडे रवाना होते. ऑर्डरी घेणं नऊ वाजून सात ते आठ मिनिटांच्या दरम्यान कधीतरी बंद होतं. नेमकं कोणत्या सेकंदाला, ते संगणक दैवगतीने ठरवतो आणि आधी कुणालाही कळत नाही. मग बारा मिनिटांपर्यंत भाव काढणं, सौदे जुळवणं, ते कळवणं. शेवटची तीन मिनिटं श्वास घ्यायला.

भाव काढण्याचा नियम तीन पायऱ्यांचा आहे. ज्या भावाला सगळ्यात जास्त शेअरांची देवघेव होऊ शकते तो भाव घ्यायचा. असे दोन भाव निघाले तर ज्या भावाला न जुळता उरलेली शिल्लक कमी, तो. तिथेही बरोबरी झाली तर कालच्या बंद भावाच्या जवळचा. वाचायला सोपं वाटतं, पण आकडे मांडल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही.

समजा, पंप बनवणारी एक कंपनी आहे. काल शेअर ४१२ रुपयांना बंद झाला. रात्री तिमाही निकाल आला आणि तो चांगला निघाला. सकाळी खरेदीच्या ऑर्डरी अशा आल्या: ४३० रुपयांपर्यंत द्यायला तयार असलेल्यांचे २०० शेअर, ४२८ पर्यंतचे ३००, ४२६ पर्यंतचे ४००, ४२५ पर्यंतचे ५०० आणि ४२३ पर्यंतचे ६००. शिवाय एका गृहस्थांनी १०० शेअरांची ‘मार्केट’ ऑर्डर टाकली आहे, म्हणजे जो निघेल तो भाव मान्य. विकणाऱ्यांत ४२२ ला २००, ४२४ ला ३००, ४२५ ला ४००, ४२७ ला ५०० आणि ४२९ ला ६०० शेअर आहेत. पैशांचे बारीक टप्पे आपण सोडून देऊ आणि रुपया-रुपयाने मोजू.

आता एकेक भाव तपासायचा. ४२४ ला घेणारे पुष्कळ आहेत, पण विकायला तयार असलेले फक्त ४२२ आणि ४२४ वाले, एकूण ५०० शेअर. म्हणजे व्यवहार ५०० चाच. ४२७ ला उलटं होतं. विकणारे १४०० शेअर घेऊन बसलेत, पण तेवढे पैसे मोजणारे ४३० वाले, ४२८ वाले आणि आपले ‘मार्केट’वाले गृहस्थ, मिळून ६००. मधल्या ४२५ ला घेणारे १५०० आणि विकणारे ९००, म्हणजे व्यवहार ९०० चा. ४२६ ला घेणारे १००० आणि विकणारे तेच ९००, म्हणजे पुन्हा व्यवहार ९०० चाच.

पहिली पायरी इथे बरोबरीत सुटली, आणि दुसरी लागू झाली. ४२५ ला ६०० शेअरांची मागणी उपाशी राहते, ४२६ ला फक्त १०० ची. म्हणून भाव ठरला ४२६. सरळ कालच्या जवळचा भाव घ्यायचा असता तर ४२५ आला असता. पण त्या कसोटीपर्यंत जाण्याची वेळच आली नाही. मागणी जास्त असताना भाव एक रुपया वर ढकलला गेला, आणि हे कुणी माणसाने ठरवलं नाही.

आता सौदे बघा. ४३० लिहिलेल्याने ४२६ च मोजले. ४२२ ला विकायला तयार असलेल्याला ४२६ मिळाले. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिला असेल त्याला हे चमत्कारिक वाटेल. तिथे ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर बोली लागते, प्रत्येक ट्रॉलीचा भाव वेगळा, आणि ज्याने जास्त पुकारलं त्याला तेवढेच मोजावे लागतात. इथे सगळ्यांच्या चिठ्ठ्या आधी गोळा होतात आणि एकच भाव सगळ्यांना लागतो. त्यामुळे खरेदीदाराने आपली खरी कमाल मर्यादा लिहिली तरी त्याचं सहसा नुकसान नाही. त्याला द्यावे लागतात ते निघालेल्या भावाने. इतक्या वर्षांनंतरही ही गोष्ट अनेक गुंतवणूकदारांच्या गळी उतरलेली नाही. सकाळी नऊला मर्यादा लिहायची म्हणजे ‘महाग पडेल’ असं वाटून ते एकतर फार खालचा भाव टाकतात किंवा सरळ ‘मार्केट’ करून मोकळे होतात.

आणि ‘मार्केट’वाल्या गृहस्थांचं काय झालं? ४२६ किंवा जास्त लिहिलेल्या खरेदीदारांचे शेअर मोजा: २००, ३०० आणि ४००, मिळून ९००. विक्रीला आलेले शेअरही ९००. २०१० पासूनच्या रचनेत मर्यादा लिहिलेल्या ऑर्डरी आधी एकमेकींशी जुळवल्या जातात, उरलेल्या मर्यादावाल्या ‘मार्केट’वाल्यांशी, आणि सगळ्यात शेवटी ‘मार्केट’ ‘मार्केट’शी. ९०० ला ९०० नेमके लागले, आणि ‘काहीही भाव द्या पण घ्या’ म्हणणारा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडला. त्याची ऑर्डर नाहीशी होत नाही. ती ४२६ ची मर्यादा लावून सव्वानऊच्या नियमित बाजारात पाठवली जाते. तिथे भाव ४२८ ला गेला तर त्याची वाट बघणं सुरू. ‘माझी मार्केट ऑर्डर होती, तरी लागली कशी नाही?’ ही तक्रार दलालांकडे वरचेवर येते, आणि उत्तर हे असं असतं.

या सत्रात आणखी एक गोष्ट फसवी आहे. नऊनंतर सेकंदासेकंदाला एक अंदाजी भाव स्क्रीनवर दिसत राहतो. आत्ता ऑर्डरी घेणं बंद केलं तर काय निघेल, तो हा भाव. नऊ वाजून दोन मिनिटांनी तो पाच टक्के वर दिसतो, वाहिन्यांवर पट्टी फिरू लागते, आणि सात मिनिटांनी तो एक टक्क्यावर येतो. ऑर्डर मागे घेता येत असल्यामुळे कुणी मोठी ऑर्डर टाकून इतरांना भुलवायचं आणि शेवटच्या क्षणी काढून घ्यायचं, हा खेळ शक्य असतो. बंद होण्याचा सेकंद गुप्त ठेवला आहे तो यासाठीच: फार उशिरा मागे घ्यायला गेलात तर दार लागलेलं असतं आणि सौदा गळ्यात पडतो. तरीही सुरुवातीच्या मिनिटांतल्या आकड्यावर विश्वास ठेवणारे रोज नव्याने जन्माला येतात. भावाशेजारी जी संख्या दिसते, किती शेअर जुळतील ती, तिच्याकडे बघावं. मोठ्या कंपनीत काही लाख शेअर जुळत असतील तर त्या भावात दम आहे. छोट्या कंपनीत भाव आठ टक्के वर आणि जुळणारे शेअर पन्नास, तर तो भाव नावापुरता. सव्वानऊनंतर पाच मिनिटांत तो कुठेही असू शकतो. आणि मुळात भावच निघाला नाही, तर मग जुन्यासारखंच: सव्वानऊनंतरचा पहिला सौदा हाच सुरुवातीचा भाव.

निफ्टी आज किती वर उघडणार हे सकाळी साडेसहापासून गिफ्ट निफ्टी दाखवत असतो. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत चालणारे हे निफ्टीचे वायदे २०२३ च्या जुलैपर्यंत सिंगापूरला चालायचे. ते उपयोगी असले तरी तो दुसऱ्या बाजारातल्या लोकांचा अंदाज आहे. आपल्या निफ्टीचा सुरुवातीचा आकडा मात्र पन्नास शेअरांच्या पन्नास वेगवेगळ्या लिलावांतून गोळा होतो.

आता संध्याकाळकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे.

मघाचीच पंपवाली कंपनी घ्या. चर्चा अशी होते: ‘साडेतीनला शेवटचा सौदा ४२८ ला झाला, मी डोळ्यांनी पाहिला. मग अ‍ॅपवर बंद भाव ४२१.५५ कसा?’ अ‍ॅप बिघडलेलं नसतं. आपल्याकडे बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासात झालेल्या सगळ्या सौद्यांची सरासरी काढतात, आणि तीही शेअरांच्या संख्येचं वजन देऊन. समजा तीन वाजून पाच मिनिटांनी ४२० ला १००० शेअर गेले, वीस मिनिटांनी ४२२ ला २००० गेले आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी ४२८ ला १०० घेतले. पैशांची बेरीज १३ लाख ६ हजार ८०० रुपये, शेअर ३१००, भागाकार साधारण ४२१ रुपये ५५ पैसे. त्या १०० शेअरांनी शेवटचा भाव सहा रुपये वर नेला, पण बंद भावावर त्यांचा परिणाम वीस-बावीस पैशांचाच झाला. अर्ध्या तासात सौदाच झाला नसेल तर दिवसातला शेवटचा सौदा धरतात.

दुसऱ्या दिवशीची टक्केवारी, सर्किटच्या मर्यादा, म्युच्युअल फंडाची एनएव्ही, शेअर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचं मूल्यमापन, हे सगळं या ४२१.५५ वर चालतं. म्हणून शेवटी चढलेल्या शेअरमध्ये एक गंमत घडते. शेअर दुसऱ्या दिवशी ४२६ ला उघडला, तर काल शेवटी ४२८ ला घेतलेल्याला तो घसरलेला दिसतो आणि वर्तमानपत्रात एक टक्का वाढलेला. दोघेही खरं बोलत असतात.

साडेतीननंतर सरासरीचा हिशेब होतो आणि ३:४० ते ४:०० असं एक शेपूट-सत्र उघडतं. त्यात फक्त बंद भावालाच सौदा होतो, भाव टाकायचा प्रश्नच नाही. कागदावर सोय चांगली आहे, प्रत्यक्षात तिथे शांतता असते. शेवटचा भाव ४२८ असताना ४२१.५५ ला घ्यायला सगळे तयार, द्यायला कोण येणार? शेवटचा भाव सरासरीच्या खाली असेल तर उलटं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी तो भाव रास्त वाटण्याचे दिवस थोडेच येतात.

सरासरीची ही सगळी व्यवस्था एका भीतीपोटी आहे. ज्याच्याकडे त्या दिवशी संपणारे निर्देशांकाचे मोठे ऑप्शन आहेत, त्याचा नफा-तोटा निर्देशांकाच्या बंद आकड्यावर ठरतो. बंद भाव जर शेवटच्या सौद्यावर असता, तर शेवटच्या सेकंदाला थोडे शेअर भलत्या भावाला घेऊन कोट्यवधी कमावता आले असते. सरासरीमुळे त्याला अर्धा तास पैसा ओतावा लागतो. पण पैसा भरपूर असेल तर? ३ जुलै २०२५ रोजी सेबीने अमेरिकेच्या जेन स्ट्रीट या कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि तिच्या ४८४३ कोटी ५७ लाख रुपयांवर टाच आणली. त्या आदेशात इतर आरोपांबरोबर एक आरोप असा होता की, काही दिवशी व्यवहाराच्या अखेरच्या टप्प्यात मोठी खरेदी किंवा विक्री करून निर्देशांकाचा बंद आकडा आपल्या ऑप्शनच्या सोयीने ढकलला गेला. कंपनीने हे नाकारलं असून ती अपिलात गेली आहे. निकाल काहीही लागो, सरासरी म्हणजे अभेद्य भिंत नव्हे हे त्या आदेशाने सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

याच्या बरोबर उलट अडचण प्रामाणिक खरेदीदाराची आहे. निफ्टीची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडाचं काम एकच: निर्देशांकाइतका परतावा द्यायचा. मार्च आणि सप्टेंबरअखेर निफ्टीत एखादा शेअर आत येतो, एखादा बाहेर जातो. निर्देशांकाच्या हिशेबात हा बदल बंद भावाने होतो. फंडालाही त्याच भावाला घ्यायला हवं, नाही तर त्याचा परतावा निर्देशांकापासून सरकतो. पण सरासरी आधी विकत घेता येत नाही. मग व्यवस्थापक आपली ऑर्डर बारीक तुकडे करून अर्धा तासभर टाकत बसतो आणि शेवटी सरासरीच्या आसपास पोचतो. थोडा वर, थोडा खाली. हा फरक फंडात पैसे गुंतवणाऱ्यांच्या खात्यातून जातो.

यावर जगातल्या बहुतेक मोठ्या बाजारांचं उत्तर म्हणजे संध्याकाळीही सकाळसारखाच लिलाव. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, सगळीकडे बंद भाव अखेरच्या लिलावातून निघतो. फंड तिथे आपली पूर्ण ऑर्डर टाकतो आणि जो भाव निघेल तोच बंद भाव, म्हणजे सरकण्याचा प्रश्नच संपला.

पण लिलाव नीट बांधला नाही तर काय होतं, हे हाँगकाँगने भोगलं आहे. तिथे २००८ च्या मे महिन्यात अखेरचा लिलाव सुरू झाला, दहा मिनिटांचा, आणि त्यात भावाला मर्यादा नव्हती. ९ मार्च २००९. जागतिक मंदीचा तळ, त्यात एचएसबीसी बँकेने आठवड्याभरापूर्वी हक्कभाग विक्री जाहीर केलेली. त्या दिवशी शेअर आधीच कोसळला होता. नियमित बाजार संपला तेव्हा भाव ३७ डॉलर ६० सेंट होता, हाँगकाँगच्या डॉलरमध्ये. अखेरच्या लिलावातून बंद भाव निघाला ३३. दहा मिनिटांत आणखी बारा टक्के गेले, तेही शहरातल्या घराघरात ज्याचे शेअर आहेत अशा बँकेचे. ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो लिलाव गुंडाळला गेला. तो परत यायला २०१६ चा जुलै उजाडला. या वेळी संदर्भ भावापासून पाच टक्क्यांची हद्द आखली होती आणि बंद होण्याचा क्षणही गुप्त ठेवला होता.

आपल्याकडे सेबीने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा लिलावाचा प्रस्ताव चर्चेला ठेवला आणि जानेवारी २०२६ मध्ये परिपत्रक काढून त्याला ऑगस्ट २०२६ ची तारीख दिली. आधी फक्त ज्या शेअरांचे वायदे चालतात त्यांच्यासाठी. अशा शेअरांत नियमित सौदे सव्वातीनला थांबतात. तीन ते सव्वातीनच्या सौद्यांची सरासरी हा संदर्भ भाव, आणि त्याच्या तीन टक्के वर-खाली एवढ्याच पट्ट्यात ३:३५ पर्यंतचा लिलाव चालवायचा. म्हणजे सरासरी पुरती गेलेली नाही. तिला मुख्य भूमिकेतून काढून कुंपणाचं काम दिलं आहे. हाँगकाँगचा धडा इथे उघड दिसतो, आणि आपलं कुंपण त्यांच्यापेक्षाही अरुंद आहे. मला स्वतःला तीन टक्के जरा जास्तच सावध वाटतात. खरोखरच मोठी बातमी सव्वातीननंतर आली तर भाव कुंपणाला टेकून बसेल, ऑर्डरी अडकतील, आणि उरलेली हालचाल दुसऱ्या दिवशीच्या नऊच्या लिलावावर पडेल. पण पहिल्याच वर्षी एचएसबीसीसारखा प्रसंग ओढवण्यापेक्षा ते परवडलं. बाकीच्या शेअरांना अर्ध्या तासाची सरासरी चालू राहते, त्यामुळे एकाच बाजारात दोन तऱ्हेचे बंद भाव शेजारी शेजारी दिसतील. सकाळच्या सत्राच्या नियमांतही याच परिपत्रकाने फेरबदल ठरवले आहेत, त्यामुळे ‘मार्केट’वाल्या गृहस्थांनी आपली सवय बदलण्याआधी आपल्या दलालाकडून नवा क्रम एकदा विचारून घ्यावा.

या सगळ्यात सर्वात जास्त फरक पडेल तो दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी घाईघाईने सौदा उरकणाऱ्यांना. आजवर त्या वेळी पुढे दहा मिनिटं चालू बाजार असायचा. आता त्या शेअरांत त्या क्षणी टाकलेली ऑर्डर लगेच लागणार नाही. ती गोळा होईल, स्क्रीनवर अंदाजी भाव हलत राहील, आणि सौदा होईल तो लिलावाचं दार बंद झाल्यावर, सगळ्यांच्या बरोबर, एकाच भावाला.